दाबलेली कळ आणि न उमटलेला पडदा: PrtSc चा प्रवास

देऊळघाट हे बुलडाणा शहराजवळचे गाव. समजा, तेथील घरी बसलेला इतिहासाचा एक विद्यार्थी आपल्या लॅपटॉपवरून दूरच्या महाविद्यालयातील संगणकाला रिमोट डेस्कटॉपने जोडला गेला आहे. त्या संगणकावर VirtualBox चालू आहे आणि VirtualBox मध्ये जुने विंडोज एक्सपी. एक्सपीत उघडली आहे पंचवीस वर्षांपूर्वी टंकलेली एक मराठी फाइल. विद्यार्थी PrtSc दाबतो, चित्र चिकटवून पाहतो आणि हाती लागते ते भलतेच काही: कधी स्वतःच्याच लॅपटॉपचा अख्खा पडदा, कधी मघाशी कॉपी केलेला मजकूर, तर कधी काहीच नाही.

कळ बिघडलेली नसते. ती तीनपैकी नेमक्या कोणत्या संगणकाची, हा वाद असतो. आजचा धागा त्या वादाचा व त्यातून काढलेल्या वाटांचा.

आधी एक स्वाभाविक शंका. इतका खटाटोप करून एक्सपीचे चित्र हवे तरी कशाला? मजकूर कॉपी करून घ्यावा की.

कारण तो मजकूर कॉपी होत नाही, निदान मराठी म्हणून होत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी श्री-लिपी, आकृती यांसारख्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. संगणकाच्या लेखी ती फाइल इंग्रजी अक्षरांचीच. तिला देवनागरी रूप द्यायचा तो फक्त फॉन्ट. फॉन्ट नसेल तर पडद्यावर चिन्हांची खिचडी दिसते. रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि मात्रा यांत ती कोठे चुकली हे ताडून पाहायला मूळ पान कसे दिसत होते याचा पुरावा लागतो. तो पुरावा म्हणजे मूळ फॉन्ट व मूळ प्रणालीत उघडलेल्या पानाचे स्वच्छ चित्र. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, म्हणून अशी प्रणाली आता व्हर्च्युअल मशीनच्या कुंपणात ठेवणे शहाणपणाचे. चित्र काढायचे ते या कुंपणाच्या आतले.

आता कळीकडे येऊ.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पीसी जाहीर केला. त्याच्या ८३ कळांच्या कीबोर्डवर PrtSc होती, पण स्वतंत्र नव्हती. तारांकन चिन्हाच्या कळीवरच ती दुसरी पाटी होती. नुसती दाबली की तारा उमटे. Shift सह दाबली की यंत्राच्या बायोसमधील पाचव्या क्रमांकाचा इंटरप्ट जागा होई आणि पडद्यावरचे अक्षर न् अक्षर वाचून थेट छपाईयंत्राकडे धाडी. ‘प्रिंट स्क्रीन’ हे नाव तेव्हा शब्दशः खरे होते: कागद बाहेर येई. हा सारा उद्योग एकाच यंत्राच्या पोटात चाले. कीबोर्ड त्याचा, पडदा त्याचा, छपाईयंत्रही त्याचेच. ‘कोणाचा पडदा?’ हा प्रश्न पडायला जागाच नव्हती.

याच पाचव्या इंटरप्टची एक गंमत. इंटेलने सुरुवातीचे काही इंटरप्ट क्रमांक स्वतःच्या भावी वापरासाठी राखून ठेवले होते. आयबीएमने त्यांतलाच पाचवा छपाईला देऊन टाकला. पुढे ८०२८६ सारख्या प्रोसेसरांत इंटेलने तोच क्रमांक यादीच्या मर्यादेबाहेर गेलेल्या आज्ञेची चूक कळवण्यासाठी वापरला. त्यामुळे जुन्या डॉसमध्ये एखाद्या प्रोग्रामने ती चूक केली, तर कोणी कळ न दाबताच पडदा छापला जाण्याची वेळ येई. एका कळीवर दोघांनी हक्क सांगितला की काय होते, याचे हे बहुधा सर्वांत जुने उदाहरण.

१९८४ च्या पीसी-एटी यंत्राबरोबर SysRq नावाची आणखी एक कळ आली. नाव उसने होते: आयबीएमच्या ३२७० घराण्यातील टर्मिनलांवर, म्हणजे दूरच्या मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडद्यांवर, अशीच कळ असे. चालू प्रोग्रामला बाजूला सारून थेट यंत्रणेशी बोलण्यासाठी ती होती. म्हणजे ‘ही कळ समोरच्या कामाची नव्हे, वरच्या यंत्रणेची’ असे सांगणारी कळ टर्मिनलांच्या जगाला आधीपासून ठाऊक होती. पीसीवर मात्र तिला फारसे काम मिळाले नाही. पुढच्या, मोठ्या कीबोर्डवर ती PrtSc च्याच अंगावर बसवली गेली. आजही कित्येक कीबोर्डांवर PrtSc खाली बारीक अक्षरांत SysRq लिहिलेले दिसते, ते या स्थलांतराचे अवशेष. Alt सह ही कळ दाबली की कीबोर्ड वेगळाच संकेत पाठवतो, हेही तेव्हापासूनचे.

विंडोज आल्यावर कागद सुटला. PrtSc पूर्ण पडद्याचे चित्र क्लिपबोर्डवर ठेवू लागली आणि Alt+PrtSc फक्त चालू खिडकीचे. २०१२ च्या विंडोज ८ ने Win+PrtSc दाबताच चित्र थेट फाइलीत जतन करण्याची सोय दिली. विंडोज १० मध्ये २०१७ साली Win+Shift+S आली. कळा वाढत गेल्या, पण एक गोष्ट बदलली नाही. या सगळ्या कळा विंडोज स्वतःच्या समजते. दाबलेली कळ समोरच्या प्रोग्रामला देण्याआधी प्रणाली विचारते, ‘ही माझी आहे का?’ उत्तर हो आले, तर प्रोग्रामला तिची वार्ताही लागत नाही.

वादाचे बीज पडले १९९८ मध्ये. सिट्रिक्स कंपनीकडून घेतलेल्या तंत्राच्या आधारे मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती काढली. एकाच सर्व्हरवर अनेक जण, प्रत्येकाचा स्वतंत्र डेस्कटॉप आणि पडदा मात्र दूर कोठेतरी. २००१ च्या एक्सपीने हीच सोय रिमोट डेस्कटॉप या नावाने साध्या संगणकावर आणली. आता एका वापरकर्त्यासमोर दोन विंडोज होत्या, एकाच्या पोटात दुसरे, आणि दोघांनाही PrtSc आपली वाटत होती. कळ बोटांखालच्या यंत्रावर आधी पोहोचते. साहजिकच खटला पहिल्याच पायरीवर निकाली निघे: जवळचा जिंकला.

रचनाकारांना हे ठाऊक होते. त्यांनी दूरच्या सेशनसाठी कळांचा एक स्वतंत्र संच ठरवला. Ctrl+Alt+Del जवळचे यंत्र कधीच सोडत नाही, म्हणून सेशनमध्ये Ctrl+Alt+End. स्टार्ट मेनूसाठी Alt+Home. आणि चित्रासाठी अंकपट्टीवरील अधिक व उणे ही चिन्हे: Ctrl+Alt+अधिक म्हणजे सेशनच्या पूर्ण पडद्याचे चित्र, Ctrl+Alt+उणे म्हणजे सेशनमधील चालू खिडकीचे. दोन्ही चित्रे दूरच्या क्लिपबोर्डवर पडतात. इतकी वर्षे लोटली तरी हा संच चालतो. तो माहीत असणारे मात्र विरळा.

अट एकच, आणि देऊळघाटच्या विद्यार्थ्याचे घोडे तेथेच अडते. अधिक-उणे अंकपट्टीवरचेच हवे, अक्षरांच्या वरच्या ओळीतले चालत नाही. लहान लॅपटॉपला अंकपट्टी नसते.

दुसरी वाट कळांचा मालक बदलण्याची. रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीत Show Options, मग Local Resources हे पान उघडले की Keyboard या विभागात तीन पर्याय दिसतात: विंडोजच्या कळजोड्या या संगणकावर लागू कराव्यात, दूरच्या संगणकावर, की फक्त पूर्ण पडद्यात असतानाच दूरच्यावर. ठरलेला पर्याय तिसरा असतो. एकाच विद्यार्थ्याला Win+Shift+S कधी आत चालल्यासारखी वाटते आणि कधी बाहेर, त्याचे कारण हेच: पूर्ण पडद्यात असताना ती आत जाते, खिडकी लहान केली की बाहेरच राहते. जोडणी .rdp फाइलीत जतन केली असेल तर हीच गोष्ट दोन ओळींत लिहिता येते:

```
keyboardhook:i:1
redirectclipboard:i:1
```

पहिली ओळ सांगते की कळजोड्या नेहमी दूरच्या यंत्राच्या. दुसरी दोन्हीकडचे क्लिपबोर्ड जोडते. ती नसेल तर चित्र आत व्यवस्थित निघते, पण बाहेर चिकटवायला गेले की हाती जुनेच काही येते आणि दोष उगाच कळीच्या माथी जातो. क्लिपबोर्डची ही ने-आण सेशनमधील rdpclip.exe करते. ती मध्येच गोठली तर टास्क मॅनेजरमधून बंद करून पुन्हा चालू करावी, जोडणी तोडण्याची गरज नसते.

तिसरी वाट कळांना वळसाच घालते. माउसने सेशनमधील स्टार्ट मेनू उघडून तेथले Snipping Tool चालवावे. आत उघडलेल्या साधनाला बाहेरचा पडदा दिसतच नाही, त्यामुळे गोंधळाला वाव नाही. पडद्यावरचा कीबोर्ड, म्हणजे osk, सेशनच्या आत उघडला तर त्यावरील PrtScn सुद्धा आतलीच कळ ठरते. ती लॅपटॉपवरून प्रवास करत नाही, तेथेच जन्मते.

पण आपल्या विद्यार्थ्याला सेशनचे चित्र नको आहे. त्याला सेशनच्याही आत असलेल्या एक्सपीचे चित्र हवे आहे. आणि नेमके कोणाचे चित्र निघाले हे ओळखायचे कसे, हा प्रश्न आता खरा कठीण होतो, कारण जोडलेल्या क्लिपबोर्डमुळे बाहेर काढलेले चित्रही आतल्या पेंटमध्ये चिकटते. आत चिकटले म्हणजे आतलेच, असा निष्कर्ष काढू नये.

ओळख पटते ती मापांवरून. समजा लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ बिंदूंचा, दूरच्या सेशनचा १९२० × १०८० आणि एक्सपीचा १०२४ × ७६८. चित्र पेंटमध्ये चिकटवून खालच्या पट्टीत त्याचे माप वाचावे. पहिले माप दिसले तर कळ देऊळघाटातच थांबली. दुसरे दिसले तर महाविद्यालयापर्यंत गेली. तिसरे दिसले तरच ती एक्सपीपर्यंत पोहोचली. दोन पडद्यांची मापे योगायोगाने सारखी असतील तर वरची जोडणीपट्टी पाहावी: ती चित्रात आली असेल तर चित्र बाहेरून काढलेले आहे.

यात एवढा कीस काढण्याचे कारण निव्वळ शिस्त नव्हे. मोठा सेशन लहान पडद्यात बसवण्यासाठी Smart sizing लावले, की १९२० बिंदूंची रुंदी १३६६ मध्ये कोंबली जाते, म्हणजे प्रत्येक गोष्ट सुमारे ०.७१ पट होते. एक्सपीची १०२४ × ७६८ ची खिडकी बाहेरून काढलेल्या चित्रात जेमतेम ७२८ × ५४६ उरते. दोन बिंदूंनी काढलेला अनुस्वार दीड बिंदूंखाली येतो आणि शिरोरेषेवर करड्या डागासारखा विरून जातो. शिवाय वाटेत जोडणीने चित्र दाबलेले असले तर कडा आणखी मळतात. अशा चित्रात ‘चिंता’ आणि ‘चिता’ यांतला फरक डोळ्यांनी सांगणे अवघड. एखाद्या अपरिचित आडनावात तर संदर्भाचाही आधार नसतो. बाहेरून काढलेले चित्र समोरचे पान ‘दाखवते’ खरे, पण पाठभेद ठरवायला ते निरुपयोगी.

व्हर्च्युअल मशीनच्या जगातही कळीचा तोच वाद आहे, फक्त पंच वेगळा. VirtualBox च्या खिडकीत शिरले की ते कीबोर्ड ताब्यात घेऊ पाहते. सोडवायला होस्ट कळ, जी विंडोजवर सहसा उजवी Ctrl असते. यातून एक विचित्र चूक घडते. विद्यार्थ्याने मोठ्या कीबोर्डवरून अगदी बरोबर Ctrl+Alt+अधिक दाबले, संकेत महाविद्यालयापर्यंत पोहोचला, पण त्या क्षणी कीबोर्ड एक्सपीच्या ताब्यात होता, तर कळ एक्सपी गिळू शकतो. चित्र मग एक्सपीच्या क्लिपबोर्डवर निमूट पडून राहते आणि बाहेर सगळे शांत. सेशनचे चित्र हवे असेल तर आधी होस्ट कळ दाबून कीबोर्ड सोडवावा.

एक्सपीचे चित्र हवे असेल तर मात्र कळीच्या नादी न लागलेलेच बरे. VirtualBox च्या View मेनूत Take Screenshot आहे. होस्ट कळ आणि E हीच त्याची कळजोडी. मेनू माउसने उघडता येतो, म्हणून लॅपटॉपला उजवी Ctrl नसली तरी अडत नाही. याहून भरवशाची वाट आज्ञेची आहे. महाविद्यालयाच्या संगणकावर, VirtualBox ज्या फोल्डरात बसवले आहे तेथे कमांड प्रॉम्प्ट उघडून एक ओळ:

```
VBoxManage controlvm "XP" screenshotpng D:\paan-01.png
```

XP च्या जागी त्या मशीनला दिलेले नाव लिहायचे. ही आज्ञा एक्सपीला काही विचारत नाही, कीबोर्डला तर नाहीच. एक्सपीने आपल्या नकली ग्राफिक कार्डात जे बिंदू रंगवले आहेत तेच ती उचलून फाइलीत ठेवते. खिडकी लहान केलेली असो, तिच्यावर दुसरी खिडकी आलेली असो, चित्र १०२४ × ७६८ चेच निघते. पीएनजी प्रकारात काही गाळले जात नसल्याने अनुस्वार दोन बिंदूंचा होता तर दोनच बिंदूंचा राहतो. १९८१ च्या बायोसने पडद्याची स्मृती वाचून छपाईयंत्राला दिली होती. येथे व्हर्च्युअल मशीन तशीच पडद्याची स्मृती वाचून फाइलीला देते. मधल्या काळातल्या क्लिपबोर्डाची गरजच उरत नाही.

फाइल अजून महाविद्यालयाच्या D: वर आहे. ती देऊळघाटला आणण्यासाठी जोडणीपूर्वी Local Resources मध्ये More खाली लॅपटॉपची ड्राइव्ह निवडून ठेवावी. मग सेशनमध्ये ती `\\tsclient\C` या पत्त्यावर दिसते आणि फाइल तेथे कॉपी करता येते. फाइल म्हणून आणलेले चित्र जसेच्या तसे येते. तेच चित्र पडद्यावर उघडून पुन्हा स्क्रीनशॉट घेण्याचा मोह टाळावा. अनेक जण नेमके तेच करतात आणि मेहनतीने मिळवलेले बिंदू परत ०.७१ ने गुणून टाकतात.

पाने शेकडो असली की साहजिकच हे काम स्क्रिप्टवर सोपवून झोपी जावेसे वाटते. सेशनच्या आतून चित्रे काढणारी स्क्रिप्ट असेल तर येथे ठेच लागते. रिमोट डेस्कटॉपची खिडकी मिनिमाइझ केली किंवा जोडणी तोडली, की पाहणाराच नसल्याने तो डेस्कटॉप रंगवणे थांबू शकते आणि सकाळी हाती काळ्या चौकटी किंवा चुकीचे संदेश येतात. मिनिमाइझपुरता उपाय लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत आहे:

```
HKCU\Software\Microsoft\Terminal Server Client
RemoteDesktop_SuppressWhenMinimized  (DWORD) = 2
```

जोडणी तुटण्यावर मात्र याचा इलाज नाही. VBoxManage ची आज्ञा येथेही वेगळी पडते: तिला सेशनच्या डेस्कटॉपशी देणेघेणे नसल्याने एक्सपी चालू आहे तोवर चित्र निघते.

काळी चौकट आली की ती नेहमीच बिघाड असते असेही नाही. काही संस्था आपल्या दूरस्थ डेस्कटॉपवर पडदा टिपण्यास मनाई लावतात. तेव्हा बाहेरून घेतलेल्या चित्रात सेशनची जागा मुद्दाम काळी ठेवली जाते. अशा ठिकाणी वाट शोधण्याऐवजी परवानगी मागावी लागते. आणि एक्सपीत जुनी व्हिडिओ फीत चालू असताना PrtSc दाबली तर तीही काळी निघू शकते, कारण त्या काळी चलचित्र पडद्याच्या मुख्य स्मृतीत न रंगवता वेगळ्या थरावर चढवले जाई. फीत थांबवली की तिच्या जागी काय उरते ते पाहिले, तर हा थर डोळ्यांना दिसतो.

आपल्या विद्यार्थ्याने शेवटी आज्ञाच वापरली असे समजू. paan-01.png लॅपटॉपवर आली, पेंटमध्ये उघडली, खालच्या पट्टीत माप वाचले: १०२४ × ७६८. मग त्याने चित्र आठपट मोठे करून शिरोरेषेवरचा तो ठिपका शोधला. दोन बिंदू, काळेभोर, कडा सरळ. शब्द ‘चिंता’ असाच होता.